एकच वाडा, बारा चित्रं: सीड तोच ठेवूनही चौक का बदलतो?

चित्रवेल

मुलांच्या एका गोष्टीसाठी बारा चित्रांची मालिका करते आहे. सगळी गोष्ट पेठेतल्या एकाच वाड्याच्या चौकात घडते. सकाळी आजी तुळशीला पाणी घालते, दुपारी मुलं गोट्या खेळतात, मग पाऊस येतो, संध्याकाळी दिवा लागतो. माणसं येतात-जातात, पण चौक तोच राहायला हवा. डावीकडे माडीवर जाणारा जिना, मधोमध तुळशीवृंदावन, मागे चार खांबांचा सोपा. पान उलटल्यावर जिना दुसऱ्या बाजूला गेलेला मुलांना लगेच कळतो. मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

घरच्याच कॉम्प्युटरवर एसडीएक्सएल हे शब्दांवरून चित्र काढणारं एआय मॉडेल कॉम्फी यूआय या प्रोग्रॅममधून वापरते. रिकाम्या चौकाचं चित्र मनासारखं मिळालं, त्याची सेटिंग्ज अशी:

```
seed 418207
steps 30   cfg 6
dpmpp_2m   karras
1344 x 768
```

यातलं काहीही न हलवता प्रॉम्प्टच्या शेवटी फक्त `an old woman watering the plant` एवढं जोडलं. आजी आली, पण जिना उजवीकडे गेला, खांब पाच झाले आणि फरशी काळ्याची तांबूस झाली. मुलांच्या चित्रात तर वृंदावनाच्या जागी विहीर आली. सीड पक्का केला की पार्श्वभूमी पक्की होते, असं बऱ्याच व्हिडिओंत सांगतात. मग सीडने नक्की काय पक्कं होतं?

---

निनाद_खडकी

सीड म्हणजे त्या चित्राचा पत्ता. तो बरोबर आहे, पण तुम्ही प्रॉम्प्टमध्ये फार मोठा बदल केलात. आजी वगैरे शेवटी न जोडता सुरुवातीचे सगळे शब्द जसेच्या तसे ठेवा आणि बदल एका शब्दाचाच करा. शिवाय स्टेप्स ५० करा. स्टेप्स वाढवल्या की चित्र तेच राहतं, फक्त रेखीव होतं. माझ्याकडे डोंगराच्या चित्रांची अख्खी मालिका अशीच झाली आहे.

---

रेंडरघर

निनाद, डोंगरावर जमलं असेल. डोंगर थोडा सरकला तर कुणी मोजत नाही. चौकात खांब मोजले जातात, म्हणून इथे तो उपाय टिकणार नाही.

चित्रवेल, सीडने पक्की होते ती सुरुवातीची खरखर, म्हणजे ज्या ठिपक्यांच्या गोंधळातून मॉडेल चित्र काढायला लागतं तो गोंधळ. १३४४ × ७६८ च्या चित्रासाठी एसडीएक्सएल आतमध्ये १६८ × ९६ चा एक छोटा पट घेतं, दोन्ही बाजू आठाने लहान केलेल्या. सीडवरून त्या पटावर खरखर पसरली जाते. त्या खरखरीत जिना नाही, खांबही नाहीत. कुठे काय उभं राहणार हे प्रॉम्प्ट आणि ती खरखर मिळून ठरवतात, आणि मुख्य मांडणी पहिल्या थोड्या स्टेप्समध्येच ठरून जाते. प्रॉम्प्ट बदलला की पहिल्या स्टेपपासूनच ओढ वेगळी लागते. आजीला उभं राहायला जागा हवी, ती जागा करताना मॉडेल जिना उचलून पलीकडे ठेवतं. आजीचे शब्द आजीपुरतेच लागू होतात असं नाही, ते पूर्ण चित्रावर काम करतात.

तेव्हा सीडचं आश्वासन एवढंच: सगळं तेच दिलंत तर तेच चित्र परत मिळेल. मॉडेलची फाइल, प्रॉम्प्ट, माप, खरखरीतून चित्र काढायची रीत म्हणजे सॅम्पलर, स्टेप्स, सीएफजी, लोरा ही मॉडेलला जोडायची छोटी फाइल असेल तर तिचं वजन, यातलं एकही हललं तर ते आश्वासन संपलं. माप तर अजिबात हलवू नका. १३४४ चं १२८० केलंत की पटाचा आकार बदलतो आणि त्याच सीडची खरखर वेगळ्या जागी पडते.

स्टेप्सबद्दल निनाद म्हणतो ते काही सॅम्पलरांना लागू आहे. `dpmpp_2m` किंवा साध्या `euler` मध्ये स्टेप्स वाढवल्या की चित्र एका जागी येऊन थांबतं, मग थोडाच फरक पडतो. `euler_ancestral` मात्र दर स्टेपला नवी खरखर मिसळतो. तिथे ३० च्या ५० स्टेप्स केल्या की चौकाचा नवाच चौक होतो.

तुमच्या कामाला उपाय वेगळा आहे. आजीसाठी चौक पुन्हा काढायचाच नाही. रिकाम्या चौकाचं जे चित्र मिळालंय ती तुमची मूळ प्लेट. ती एकदा नीट करा, जपून ठेवा आणि प्रत्येक चित्रात जेवढी जागा बदलायची तेवढ्याच जागेत नवीन भरा. रात्री बसून पायऱ्या लिहितो.

---

खणाची_पिशवी

मी नारायण पेठेतून खणाच्या पिशव्या विकते. फोटोंमागे मला दर वेळी तीच ओसरीची भिंत हवी असते. फोनवरच्या एका ॲपमध्ये पिशवीचा फोटो टाकते, मागे जुन्या वाड्याची भिंत कर असं लिहिते. दर वेळी भिंत वेगळी येते. वर हे लोक सीड म्हणतात तो मला कुठे दिसतच नाही. तो विकत घ्यावा लागतो का? आणि भिंतीपेक्षा जास्त त्रास असा की पिशवीचा काठही बदलतो. गिऱ्हाइकाने हिरव्या काठाची बघून मागवली आणि माझ्याकडे तसला काठच नव्हता.

---

रेंडरघर

काकू, सीड विकत मिळत नाही, तो नुसता एक आकडा असतो. पुष्कळ फोन ॲप तो दाखवत नाहीत आणि बदलूही देत नाहीत. पण तुम्हाला त्याची गरजच नाही. तुमचा प्रश्न चित्रवेलच्या बरोबर उलटा आहे. तिला माणसं नवी हवीत आणि चौक जुना हवा. तुम्हाला पिशवी तर खरीच हवी, ती मशीनने काढायचीच नाही.

भिंतीचं एक चित्र एकदा करून घ्या, पिशवीशिवाय. ते फोनमध्ये ठेवा. पिशवीचा फोटो काढा, तिची पार्श्वभूमी पुसणाऱ्या कुठल्याही ॲपने नुसती पिशवी कापून घ्या आणि त्या भिंतीवर ठेवा. काठ जसाच्या तसा राहील, कारण तो फोटोतलाच आहे. दोन गोष्टी सांभाळा. फोन दर वेळी सारख्याच उंचीवर धरा, नाहीतर पिशवी भिंतीसमोर तरंगल्यासारखी दिसते. आणि भिंतीच्या चित्रात उजेड डावीकडून असेल तर पिशवीही खिडकीच्या तशाच बाजूला ठेवून टिपा.

---

खणाची_पिशवी

म्हणजे भिंत एकदाच. हे जमेल. पिशवीखालची सावली कशी करायची?

---

रेंडरघर

पिशवीच्या खाली एका वेगळ्या लेयरवर काळपट मऊ ब्रश फिरवा, अपारदर्शकता ३०-४० टक्के. पिशवी टेकते तिथे गडद, पुढे फिकी. मशीनकडून सावली करून घेतलीत तर ते पिशवीलाही हात लावेल.

आता चित्रवेलसाठी.

आधी सीडच्या डब्याखालचा `control_after_generate` हा `fixed` वर करा. तो `randomize` वर असेल तर चित्र निघाल्यावर आकडा बदलतो, आणि समोर दिसतो तो पुढच्या चित्राचा सीड असतो. तो वहीत लिहून ठेवला की चित्र परत मिळत नाही आणि माणूस मॉडेलला दोष देत बसतो. खरा सीड पीएनजी फाइलच्या आतच लिहिलेला असतो. ती फाइल कॉम्फीच्या खिडकीत ओढून टाकली की सगळी मांडणी आकड्यांसकट उघडते. मात्र मूळ फाइलच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रात ती माहिती उरत नाही.

दुसरं, आजीचा मास्क, म्हणजे जिथे नवीन भरायचं त्या जागेची खूण. नवीन लोक मास्क आजीच्या अंगाला चिकटून काढतात. तसं केलं की आजी कापून चिकटवल्यासारखी दिसते, कारण तिची सावली पडायला जागाच ठेवलेली नसते. पायाखालची फरशी आणि ऊन ज्या बाजूने येतं त्याच्या विरुद्ध बाजूचा हातभर भाग मास्कमध्ये घ्या. कड आठ-दहा पिक्सेल मऊ करा.

तिसरं, डीनॉइज, म्हणजे आधीचं चित्र किती पुसून नवं काढायचं तो ० ते १ मधला आकडा. रिकाम्या फरशीवर आजी उभी करायची असेल तर ०.४ वर काही होत नाही, फरशीवर एक डाग येतो. ०.८५ ते १ पर्यंत जावं लागतं. मास्कबाहेरची मांडणी हलणार नसल्यामुळे इथे घाबरायचं कारण नाही. प्रॉम्प्टमध्ये आजीचं वर्णन आणि चौकाचे दोन-चार शब्द पुरतात.

आणि इथे सीड मोकळा सोडा. चौक आता सीडवर अवलंबून नाही, तो फाइलमध्ये आहे. आजीचा चेहरा, लुगड्याच्या निऱ्या, हातातला तांब्या नीट येईपर्यंत सीड बदलत राहा. मूळ प्लेटचा ४१८२०७ इथे पुन्हा वापरण्यात काहीही फायदा नाही.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात. मास्क लावूनही कॉम्फीमधून बाहेर येणारं चित्र पूर्ण नव्याने उलगडलेलं असतं. मास्कबाहेरचा चौक दिसायला तोच, पण पिक्सेल थोडे हललेले असतात. एका चित्रात ते कळत नाही. त्याच चित्रावर आजी, मग मांजर, मग मुलगा असे एकावर एक थर चढवले की खांबांवरची नक्षी विरघळायला लागते. म्हणून शेवटी `ImageCompositeMasked` लावा. मूळ प्लेट `destination`, नवं चित्र `source` आणि तोच मास्क. मग मास्कबाहेर मूळ प्लेटच राहते, एका पिक्सेलचाही फरक नाही.

खात्री कशी करायची? क्रिता या चित्रं रंगवायच्या प्रोग्रॅममध्ये मूळ प्लेट आणि नवं चित्र एकावर एक ठेवा आणि वरच्या लेयरचा मोड `Difference` करा. आजीचा भाग सोडून सगळं ठार काळं दिसलं पाहिजे. कुठे करडी जाळी दिसली तर चौथी पायरी राहिली आहे. डोळ्यांवर विसंबून राहू नका, सारखीच दिसणारी दोन चित्रं डोळ्यांना पटकन पटतात.

---

अथर्व_हडपसर

माझी अडचण थोडी वेगळी, पण सीडचीच. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर ऑटोमॅटिक ११११ हा कॉम्फीसारखाच दुसरा प्रोग्रॅम आहे, घरच्या लॅपटॉपवर कॉम्फी. मॉडेलची फाइल तीच, सीड तोच, सॅम्पलर तोच, माप तेच, प्रॉम्प्ट कॉपी-पेस्ट. तरी दोन वेगळी चित्रं. मला वाटलं, सीड म्हणजे सगळीकडे सारखाच.

---

रेंडरघर

आकडा सारखा, पण त्या आकड्यावरून खरखर कोण तयार करतं ते वेगळं. कॉम्फी ती सीपीयूवर तयार करतं. ऑटोमॅटिक ११११ मुळात ग्राफिक कार्डावर करतं, आणि तोच सीड देऊनही दोन्हीकडे वेगळी खरखर निघते. तिथल्या सेटिंग्जमध्ये `Random number generator source` आहे, ते `CPU` करा. पुष्कळ जवळ याल. तरी हुबेहूब येईलच असं नाही, कारण प्रॉम्प्टमध्ये कंसाने शब्दांना वजन दिलं असेल तर ते वजन दोघं वेगळ्या रीतीने लावतात.

शिवाय एका वेळी चार चित्रांचा घाणा काढत असाल तर तिथेही फरक आहे. ऑटोमॅटिक ११११ मध्ये दुसऱ्या चित्राला सीड अधिक एक, तिसऱ्याला अधिक दोन असा स्वतःचा आकडा मिळतो. कॉम्फीमध्ये एकाच सीडवरून चौघांची खरखर ओळीने निघते. त्यातलं तिसरं चित्र आवडलं आणि एकट्याने परत काढायला गेलात तर पहिलंच हाती येतं. मालिकेचं काम करताना मी एका वेळी एकच चित्र काढतो.

---

जुनी_पेठ

मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो. धागा वाचतोय, पण आधी एक सांगतो. चित्रवेलने मला व्यनिमधून प्लेट दाखवली. चित्र सुंदर आहे, पण तो पुण्याचा वाडा नाही. खांब गोल आणि जाड दगडी आहेत, त्यावर पाकळीदार कमानी, वर जाळीची गच्ची. राजस्थानी हवेली म्हणून खपेल. आपल्याकडचा सुरूदार खांब लाकडी असतो, खाली किंचित फुगीर आणि वर निमुळता, दगडी तळखड्यावर उभा. सोप्याचं छत कडीपाटाचं. चौकाची फरसबंदी काळ्या पाषाणाची. विश्रामबाग वाड्यात जाऊन लाकूडकाम एकदा डोळे भरून बघून या.

बाराही चित्रांत तीच हवेली आली तर सातत्य जमलं म्हणायचं, पण मुलं चुकीचा वाडा बाराही वेळा बघतील. प्लेट पक्की करायच्या आधी हे दुरुस्त करा.

---

चित्रवेल

जुनी_पेठ, अगदी मनावर घेतलं. प्रॉम्प्टमध्ये मी `Maratha wada courtyard, Pune` असंच लिहिलं होतं. `wooden pillars` वाढवलं तर केरळातल्या घरासारखं उतरतं छप्पर येतं. शब्दांनी हे होईल असं वाटत नाही.

---

रेंडरघर

शब्दांनी होणार नाही. मॉडेलने `wada` या शब्दाखाली फारसं काही पाहिलेलं नसावं, म्हणून ते जवळची ओळखीची गोष्ट काढतं. फोटो द्या. ओळखीच्या कुणाच्या वाड्यात चौकाच्या एका कोपऱ्यात उभं राहून फोटो काढा. त्यावरून खोलीचा नकाशा काढा आणि कंट्रोलनेटने तो लावा. कुठली वस्तू जवळ, कुठली लांब, हे त्या करड्या नकाशात असतं. जिना, वृंदावन, चार खांब यांच्या जागा त्यातून पक्क्या होतात. `strength` ०.७ च्या आसपास आणि `end_percent` ०.७ ठेवून बघा, म्हणजे शेवटच्या स्टेप्समध्ये मॉडेलला पोत भरायला मोकळीक राहते.

खोलीच्या नकाशात खांब कुठे आणि केवढा ते येतं, त्यावरची नक्षी येत नाही. सुरूदार आकार, खांबाच्या माथ्याची कोरीव फुलं यांसाठी रेघांचं कंट्रोलनेट जोडीला लागेल. मात्र दोन्ही पूर्ण ताकदीने लावू नका, चित्र फोटोची गिरवलेली प्रत वाटायला लागतं. रेघांचं ०.४ पुरे.

---

जुनी_पेठ

आणि रेघा फोटोवरून आपोआप काढण्यापेक्षा हाताने काढा असं मी म्हणेन. फोटोत विजेच्या तारा, पाण्याची टाकी, स्कूटर, सगळं येतं. मॉडेल त्या तारांच्या वेली करेल.

---

चित्रवेल

हाताने काढते. ते मला आवडेलही.

संध्याकाळच्या प्लेटचं मात्र कळत नाहीये. चौक तोच, पण ऊन गेलेलं, सोप्यात दिवा. हे मास्कने कसं होणार? बदलायचं तर सगळंच आहे.

---

निनाद_खडकी

यासाठी माझ्याकडे एक चांगली युक्ती आहे. प्रॉम्प्टमध्येच चौकटी कंस करून अर्ध्या वाटेत शब्द बदलायचे:

```
courtyard, [dry floor, noon:wet floor, rain:0.4]
```

पहिल्या ४० टक्के स्टेप्स कोरडी दुपार, मग पाऊस. मांडणी आधीच ठरलेली असते, त्यामुळे जिना हलत नाही. सीड तोच ठेवायचा. माझी डोंगराची मालिका खरं तर याच्यावरच झाली.

---

रेंडरघर

निनाद, ही युक्ती पक्की आहे आणि कारणही तू बरोबर दिलंस. इथे सीड खरोखर कामाला येतो. फक्त हा कंस ऑटोमॅटिक ११११ ला कळतो, कॉम्फीला कळत नाही. कॉम्फीत दोन प्रॉम्प्ट वेगळे लिहून `ConditioningSetTimestepRange` ने एकाला ० ते ०.४ आणि दुसऱ्याला ०.४ ते १ द्यायचं आणि दोन्ही जोडायचे. पावसाला हे चालेल. संध्याकाळला मी वापरणार नाही. एकूण उजेड-अंधार किती हेही सुरुवातीच्याच स्टेप्समध्ये ठरतं. दुपार म्हणून सुरू झालेलं चित्र पुढे पूर्ण अंधारत नाही, नुसतं पिवळट होतं.

संध्याकाळसाठी माझी पद्धत अशी. मूळ प्लेट क्रितात उघडून आधी हातानेच संध्याकाळ करायची. वर एक निळसर-जांभळा लेयर `Multiply` मध्ये, आकाशाचा तुकडा गडद, सोप्यात दिवा ठेवायचा तिथे पिवळा मऊ ठिपका, आणि तो उजेड जवळच्या दोन खांबांच्या आतल्या बाजूलाही. दुपारच्या उन्हाच्या कडक सावल्या याने जात नाहीत. त्या फरशीच्या रंगाने हातानेच पुसाव्या लागतात. मग हे चित्र इमेज-टू-इमेजला द्यायचं, डीनॉइज ०.३५, तेच खोलीचं आणि रेघांचं कंट्रोलनेट. कमी डीनॉइजवर मॉडेल मोठे रंग आणि उजेड जसे दिले तसे ठेवतं, फक्त कडा जुळवतं आणि पोत भरतं. म्हणून रंग आधी आपण द्यायचे. नुसत्या प्रॉम्प्टवर दुपारची रात्र करायला गेलात तर डीनॉइज ०.६ च्या वर न्यावा लागतो, आणि तिथे खांबांची नक्षी गेली.

म्हणजे बारा चित्रांना चार प्लेट: सकाळ, दुपार, पाऊस, संध्याकाळ. चारही थेट मूळ प्लेटवरून करा. दुपारवरून पाऊस, पावसावरून संध्याकाळ अशी साखळी लावू नका. दर फेरीत बारीक तपशील झिजतो, आणि त्याच सीडने पुन्हा पुन्हा इमेज-टू-इमेज केलं तर तीच खरखर त्याच जागी बसत जाते. कडा जळाल्यासारख्या करकरीत होतात आणि भिंतीवर एक ठरावीक नक्षी उमटते. ती दिसली की समजायचं, साखळी लागली आहे.

---

अथर्व_हडपसर

एवढा खटाटोप आता लागतो का? फ्लक्स कॉन्टेक्स्ट, क्वेन इमेज एडिट यांसारखी मॉडेल आली आहेत २०२५ मध्ये. चित्र द्यायचं आणि सांगायचं, इथे आजी उभी कर, बाकी तसंच ठेव. मी करून पाहिलं, चौक राहतो.

---

रेंडरघर

राहतो, पुष्कळ चांगला राहतो. पण `Difference` लावून बघितलंस का? माझ्याकडे बऱ्याचदा पूर्ण चित्र दोन-तीन पिक्सेल सरकलेलं किंवा किंचित मोठं झालेलं निघालं, म्हणजे ते सगळं चित्र पुन्हाच काढतात. एका चित्राला ठीक आहे. एकामागून एक पानं उलटताना, किंवा गोष्टीचा व्हिडिओ करताना चौक हलतो.

---

अथर्व_हडपसर

छापील पुस्तकात दोन पिक्सेल कुणाला दिसणार? आणि आजी त्यांच्याकडून करून घेऊन नुसती आजीच मूळ प्लेटवर मास्कने चिकटवली तर? तुझी चौथी पायरीच झाली ना ती.

---

रेंडरघर

हो, तसं केलं तर माझा आक्षेप उरत नाही, चित्र सरकलेलं असेल तर आधी जागेवर आणावं लागेल एवढंच. आजीची सावली अशा मॉडेलांना मास्कपेक्षा चांगली जमते, हेही खरं. छपाईचं म्हणशील तर मी तरीही मोजून बघेन. तुझं-माझं इथे जुळणार नाही बहुतेक.

---

चित्रवेल

काल सदाशिव पेठेत मैत्रिणीच्या आजोळच्या वाड्यात जाऊन फोटो काढला, रेघा हाताने काढल्या आणि नवी प्लेट केली. खांब सुरूचे आले. छत अजून कडीपाट वाटत नाही, पट्ट्या तिरप्या जातात.

आजीचं चित्र मास्कने केलं. `Difference` मध्ये बाहेर सगळं काळं आहे. सावलीसाठी मास्क वाढवल्यावर खरंच ती जमिनीवर उभी वाटायला लागली. चेहरा मात्र बिघडतो. आजी चित्रात लहान आहे, तोंड अंगठ्याएवढंही नाही.

आणि एका पानावर मुलगी माडीवरून चौकात डोकावते आहे. तिथे चौक वरून दिसायला हवा. ही प्लेट त्याला कशी वापरू?

---

रेंडरघर

चेहऱ्यासाठी मास्कभोवतीचा चौकोन कापून तो १०२४ पर्यंत मोठा करा, तिथे चेहरा भरा आणि लहान करून परत बसवा. पूर्ण चित्रात त्या चेहऱ्याच्या वाट्याला आतल्या पटावर जेमतेम चार-पाच घरं येतात, त्यात डोळे मावत नाहीत. हे कापणं-चिकटवणं आपोआप करणारे नोड मिळतात.

माडीवरून दिसणारा चौक या प्लेटमधून निघणार नाही. सीडनेही नाही. मॉडेलला चौकाची मागची बाजू माहीतच नाही, ते अंदाजाने नवी काढेल. मी असतो तर ब्लेंडरमध्ये ठोकळ्यांचा चौक केला असता. जिन्याला एक ठोकळा, वृंदावनाला एक, खांबांना चार नळकांडी. कॅमेरा खाली ठेवून एक खोलीचा नकाशा, माडीवर ठेवून दुसरा. मग दोन्हीकडे जागा तरी जुळतात. रंग आणि पोत जुळवण्यासाठी पहिल्या प्लेटचा आधार आयपी-अडॅप्टरने द्यायचा. तरीही नक्षी तंतोतंत जुळत नाही. याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही.

---

जुनी_पेठ

ठोकळे करणार असाल तर मापं मी देतो. चौक किती फूट, खांबांत अंतर किती, जिन्याची पायरी केवढी उंच. वाड्याच्या जिन्याच्या पायऱ्या आजच्या जिन्यापेक्षा बऱ्याच उंच आणि अरुंद असतात, ते चुकलं तर मुलगी वरून डोकावताना खोटी वाटेल. आणि कडीपाटाच्या कड्या भिंतीपासून तुळईपर्यंत सरळ एका दिशेने जातात, त्याही ठोकळ्यांतच घाला. रेघांवर सोडल्यात तर तिरप्याच जातील.

---

चित्रवेल

मापं पाठवा. छताचं आधी करते, कारण ते सगळ्या प्लेटमध्ये दिसतं. माडीचं पान शेवटी ठेवलं आहे.

---

खणाची_पिशवी

भिंत झाली. पाच पिशव्यांचे फोटो त्याच भिंतीवर बसवले, काठ जसेच्या तसे आहेत. एक पिशवी मात्र भिंतीत रुतल्यासारखी दिसते. फोन वर धरला गेला होता का?

---

रेंडरघर

बहुतेक तसंच. पिशवीचा तळ फोटोत आडव्या रेघेसारखा दिसतो की वाकलेला, ते बघा. वाकलेला असेल तर फोन वर होता. फोन पिशवीच्या मधोमध उंचीवर आणून तोच फोटो पुन्हा काढा.